अंदाज आणि प्रश्न : सातवीच्या वर्गात एक गोष्ट, दोन तासिका

प्रश्न : मी सातवीला मराठी शिकवते, वर्गात ३८ मुलं आहेत. धडा वाचून झाला की स्वाध्यायाची उत्तरं मुलं धड्यातल्या ओळी उचलून लिहितात. "पुढे काय होईल?" असं विचारलं की काहीही ठोकून देतात, आणि "तुम्ही प्रश्न विचारा" म्हटलं की वर्ग गप्प बसतो. एखादी छोटी गोष्ट घेऊन अंदाज बांधणं आणि प्रश्न विचारणं दोन तासिकांत कसं शिकवावं?

उत्तर :

मुलं ठोकून देतात, कारण त्यांच्या अंदाजाला आजवर कुणी पुरावा मागितलेला नाही. "पुढे काय होईल?" या प्रश्नाला कोणतंही उत्तर चालतं हे त्यांना माहीत असतं. त्यामुळे दोन्ही तासिका "कशावरून?" या एका शब्दावर उभ्या करा. रसेल स्टॉफर या अमेरिकन अभ्यासकाने १९६०च्या दशकात वाचनाच्या तासाची जी पद्धत मांडली, तिच्या गाभ्याशी साधारण एवढंच आहे : तुला काय वाटतं, असं का वाटतं, आणि ते मजकुरात दाखव. मी वर्गात आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात हीच पद्धत वापरते. फक्त तिला प्रश्न विचारणं जोडून घेते. अंदाज नीट तपासायला लागलं की प्रश्न आपोआप पडतात, वेगळे "काढायला" लावावे लागत नाहीत.

गोष्ट पाठ्यपुस्तकातली घेऊ नका. पुस्तक जूनमध्येच हातात पडतं आणि निम्म्या मुलांनी गोष्टी आधीच वाचलेल्या असतात. शेवट माहीत असलेल्या मुलाला अंदाज करायला लावणं म्हणजे त्याला नाटक करायला लावणं. गोष्ट दोनशे-तीनशे शब्दांची असावी आणि मधे थांबता येईल अशी. थांबायची जागा कशी ओळखायची? त्या जागी निदान दोन वेगवेगळे अंदाज करता यायला हवेत, आणि दोन्हींना मजकुरात काहीतरी आधार असायला हवा. एकच शक्यता असेल तर थांबून उपयोग नाही, आणि काहीच आधार नसेल तर पुन्हा ठोकाठोकी सुरू होते. याच कारणामुळे मी शीर्षकावरून अंदाज करायला लावत नाही. अनेक पाठनियोजनांत पहिली कृती तीच असते. पण दोन शब्दांच्या शीर्षकात पुरावा नसतो, आणि तासाच्या सुरुवातीलाच मुलांना बिनपुराव्याच्या अंदाजाची सवय लागते.

मी स्वतः लिहिलेली एक गोष्ट खाली देते, ती वापरायला हरकत नाही. चार तुकडे आहेत. तुकडे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा किंवा छापा आणि दोघांत एक चिठ्ठी द्या. म्हणजे १९ जोड्या, १९ संच. पुढचा तुकडा आधीच्यावर लिहून झाल्यावरच हातात द्यायचा.

तुकडा १
आजोबांच्या काळ्या छत्रीची एक काडी मोडली होती. कापडही एका बाजूने फाटलं होतं. एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या छत्रीवाल्याकडे मीनाने ती दिली. त्याने छत्री उघडली, उलटी केली आणि आतल्या एका जुन्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.
"ही आधी कुठे दुरुस्त केली होती?"
"माहीत नाही. आजोबांची आहे."
"उद्या ये," तो म्हणाला. शेजारच्या बाईंची छत्री मात्र त्याने तिथल्या तिथे दुरुस्त करून दिली.

तुकडा २
दुसऱ्या दिवशी मीना गेली. आजोबांची छत्री इतर छत्र्यांच्या ढिगात नव्हती. छत्रीवाल्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवली होती.
"झाली नाही अजून. उद्या ये."
पाऊस सुरू झाला. त्याने मीनाला आपली छत्री दिली. "ही घेऊन जा. उद्या आण."
घरी आजोबा म्हणाले, "आता कुणी नवीन बसतो वाटतं तिथे. पूर्वी एक म्हातारे बसायचे."

तुकडा ३
तिसऱ्या दिवशी छत्री तयार होती. नवी काडी घातली होती, फाटलेल्या जागी नवं कापड होतं. सगळ्या शिवणी उसवून काळ्या दोऱ्याने पुन्हा घातल्या होत्या. एकच शिवण जुनी होती, पिवळट दोऱ्याची.
"ही एक का सोडलीत?" मीनाने विचारलं.
"ती अजून वीस वर्षं निघायची नाही."

तुकडा ४
मीनाने पैसे पुढे केले. त्याने घेतले नाहीत. मांडीवर दुसरी एक छत्री होती, तिची शिवण त्याने नुकतीच संपवली होती. त्याने दोन्ही छत्र्या शेजारी शेजारी धरल्या. जुन्या शिवणीच्या शेवटी एक दुहेरी गाठ होती, डावीकडे वळलेली. नव्या शिवणीच्या शेवटीही तशीच गाठ होती.
"आजोबांना सांग, छत्री जपून वापरा."

पहिल्या तासिकेत मुलांनी वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे : माझा अंदाज, कशावरून, आणि पुढे काय झालं. दुसऱ्या रकान्यात गोष्टीतलेच शब्द अवतरणात लिहायचे. तिसऱ्यात टिकला, बदलला किंवा मोडला यांपैकी एक शब्द. लिहायचं पेननेच. पेन्सिल दिली की चुकलेला अंदाज मुलं खोडतात आणि बरोबर आलेला मागाहून लिहितात. मग तिसरा रकाना निरुपयोगी होतो. सगळा धडा त्या रकान्यासाठी आहे, म्हणून हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा : मोडलेल्या अंदाजाचे गुण जात नाहीत, पुरावा नसलेल्या अंदाजाचे जातात.

पहिला तुकडा तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा आणि मोठ्याने विचार करा. मुलांना इथे काहीच विचारायचं नाही, वाचणाऱ्याच्या मनात काय चालतं ते ऐकवायचं. साधारण असं : "अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. शिवण फाटली का हे बघायला एकदा फिरवून भागलं असतं. पुन्हा का फिरवला? त्या शिवणीत काहीतरी आहे. आणि 'उद्या ये' म्हणाला, पण शेजारच्या बाईंचं काम लगेच केलं. म्हणजे वेळ नाही म्हणून उद्यावर ढकललेलं दिसत नाही. मला वाटतं, त्याला ही छत्री एक रात्र स्वतःजवळ ठेवायची आहे. कशाला, ते मला अजून कळलेलं नाही." तीन-चार मिनिटं पुरतात. शेवटचं वाक्य आवर्जून म्हणा. आपल्याला कळलेलं नाही हे शिक्षक सहज म्हणू शकतात, हे मुलांनी ऐकलं की पुढच्या तासिकेत तीही प्रश्न विचारायला धजतात.

मग मुलांना पहिल्याच तुकड्यावर त्यांचा अंदाज लिहू द्या. तुमचा अंदाज उचलायचा नाही एवढंच सांगा. साधारण तीन प्रकारचे अंदाज येतात : तो छत्री विकून टाकेल, त्याच्याकडे तशी काडी नसेल म्हणून बाजारातून आणेल, किंवा छत्री त्याच्या ओळखीची आहे. प्रत्येकाला "कशावरून?" विचारा आणि उत्तर आलं की फळ्यावर लिहा. बरोबर आहे की चूक आहे, ते चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. हे अवघड जातं, कारण "छत्री ओळखीची आहे" असं एखादीने म्हटलं की आपल्याला आनंद होतो आणि "शाब्बास" निघून जातं. त्या शाब्बासकीनंतर उरलेली मुलं विचार करायचं थांबवतात आणि त्या मुलीच्या तोंडाकडे बघत बसतात. तिलाही तेवढ्याच थंडपणे "कशावरून?" विचारायचं. आधार सांगता आला नाही तर तिचा अंदाज चोरीवाल्या मुलाच्या अंदाजाहून कच्चा आहे, कारण त्याने निदान "उद्या ये" हे शब्द दाखवले.

दुसरा तुकडा वाचताना वर्गातली गंमत वाढते. "पिशवीत ठेवली होती" वाचल्यावर चोरीवाल्यांना जोर चढतो आणि लगेच पुढे तो माणूस स्वतःची छत्री देतो. इथे थांबून एकच प्रश्न विचारा : "तुमच्या अंदाजाचं काय झालं?" काही मुलं जुनाच अंदाज ओढत नेतात आणि म्हणतात, "छत्री दिली ती विश्वास बसावा म्हणून." ते चुकीचं नाही. पण मग त्यांना सांगा की दोन्ही पुरावे एका वाक्यात बसवून लिही : वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्वतःची छत्री दिली. चोराने चोरीचा माल वर्तमानपत्रात का गुंडाळला असेल? इथे बहुतेक जण स्वतःहून थबकतात. अंदाज बदलण्याचं काम मुलाच्या हातून व्हायला हवं. तुम्ही चूक दाखवून तो बदलायला लावलात तर मूल फक्त तुमचं ऐकतं, वाचत नाही.

याच ठिकाणी अंदाजातून प्रश्न काढायचा. मुलाला विचारा, "तुझा अंदाज खरा आहे की नाही हे ठरवायला तुला आणखी काय कळायला हवं?" चोरीवाला मुलगा म्हणेल, "तो इतर कुणाच्या छत्र्या असा ठेवून घेतो का?" ओळखवाली म्हणेल, "ते म्हातारे कोण होते?" हे प्रश्न अंदाजाच्या खालीच लिहून ठेवायला सांगा. "आजोबा म्हणाले" ही ओळ अनेकांच्या नजरेतून सुटते, कारण तोपर्यंत सगळ्यांचं लक्ष छत्रीवर असतं. तुम्ही ती दाखवू नका. तिसऱ्या तुकड्यानंतर कुणीतरी मागे जाऊन शोधेल. कुणी गेलंच नाही, तर फक्त एवढं म्हणा : "दुसऱ्या चिठ्ठीतली एक ओळ अजून कुणीच वापरलेली नाही."

तिसऱ्या तुकड्यानंतर शेवटचा अंदाज लिहायचा आणि चौथा तुकडा त्याच तासिकेत वाचून संपवायचा. शेवट दुसऱ्या दिवसावर ठेवू नका, मधल्या सुट्टीत चिठ्ठ्या फुटतात. आणि तीनपेक्षा जास्त वेळा थांबू नका. दर दोन ओळींनी थांबलं की गोष्ट मरते, मुलांना पुढे काय झालं याची उत्सुकताच राहत नाही आणि रकाने भरणं उरतं.

दुसरी तासिका प्रश्नांची. पूर्ण गोष्ट एकदा सलग वाचा, मग प्रत्येक जोडीने तीन प्रश्न लिहायचे. पहिल्या फेरीत बरेचसे प्रश्न असे येतील : मीनाने छत्री कुणाला दिली? छत्रीचा रंग कोणता होता? मुलांनी वर्षानुवर्षं स्वाध्यायात हेच प्रश्न पाहिलेत, त्यांच्या दृष्टीने प्रश्न असाच असतो. नाराज होऊ नका, हेच प्रश्न पुढच्या कामाचा माल आहे. टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात प्रश्नांची जी विभागणी केली, ती उत्तर कुठे सापडतं यावरून केली. माझ्या अनुभवात सातवीला तिच्यातले तीन कप्पे पुरतात : उत्तर एका ओळीत आहे, उत्तर दोन-तीन ठिकाणांहून गोळा करावं लागतं, आणि उत्तरासाठी गोष्टीतल्या खुणांना आपल्या डोक्यातलं काही जोडावं लागतं. फळ्यावर तीन कप्पे आखा. जोडीने आपला प्रश्न वाचायचा आणि कप्पा वर्गाने ठरवायचा, उत्तराची जागा बोटाने दाखवून.

इथे एक सापळा आहे. मुलांना पटकन वाटतं की "का" असलेला प्रश्न खोल आणि "किती" असलेला उथळ. काही प्रशिक्षणांतही असंच सांगितलं जातं. पण "मीना छत्रीवाल्याकडे का गेली?" यात "का" आहे आणि उत्तर पहिल्या दोन ओळींतच मिळतं. उलट "त्याने शिवणीवरून किती वेळा अंगठा फिरवला?" हा प्रश्न "किती"चा आहे, उत्तरही ओळीतच आहे, पण ते उत्तर मिळाल्यावर लगेच दुसरा प्रश्न उठतो. म्हणून प्रश्न सुरू होणाऱ्या शब्दांचे तक्ते भिंतीवर लावण्यापेक्षा उत्तराची जागा शोधायला लावणं मला जास्त उपयोगी वाटतं.

कप्पे भरल्यावर पहिल्या कप्प्यातला एक प्रश्न घ्या आणि तो तिसऱ्यात हलवून दाखवा. "छत्रीवाल्याने मीनाला काय दिलं?" याचं उत्तर ओळीत आहे. आता तोच प्रश्न असा विचारा : "तिला नुसतं 'उद्या ये' म्हणून भागलं असतं, मग स्वतःची छत्री का दिली?" पाऊस होता म्हणून, असं कुणी म्हणेल. ती परत यायलाच हवी म्हणून, असं कुणी म्हणेल. दोन्ही मजकुरात बसतं. मग प्रत्येक जोडीने आपला एक प्रश्न असाच हलवायचा. दहा मिनिटं द्या. काही जोड्यांना जमणार नाही, त्यांना आदल्या दिवशीच्या तीन रकान्यांकडे परत पाठवा. मोडलेल्या अंदाजाखाली त्यांचाच एखादा प्रश्न पडलेला असतो.

आणि बहुतेक वेळा याच सुमाराला कुणीतरी विचारतं : "त्याने मीनाला सांगितलं का नाही की ते म्हातारे त्याचे वडील होते?" प्रश्न सुंदर आहे. वर्ग लगेच उत्तरं द्यायला लागतो. त्यांना पाच मिनिटं बोलू द्या आणि मग शांतपणे विचारा, "वडील होते हे कुठे लिहिलंय?" सगळे चिठ्ठ्या चाळतात. कुठेच लिहिलेलं नाही. गोष्टीत फक्त तीन गोष्टी आहेत : त्या जागी पूर्वी एक म्हातारे बसायचे, जुनी शिवण त्याला महत्त्वाची वाटली, आणि दोन्ही गाठी सारख्या आहेत. वडील हे आपण जोडलं. काम शिकवणारे उस्ताद असू शकतील, काका असू शकतील. म्हातारे आणि ती जुनी शिवण घालणारा माणूस एकच होता, हेसुद्धा लिहिलेलं नाही. मग "वडील" हा निष्कर्ष चूक का? चूक नाही, पुराव्याला धरून आहे, पण तो एकमेव नाही. मुलांना लिहिलेलं आणि जोडलेलं यांतला फरक कळावा यासाठी मला दुसरी इतकी चांगली जागा मिळालेली नाही. तुमच्या वर्गात हा प्रश्न आपणहून आला नाही, तर शेवटच्या दहा मिनिटांत तुम्हीच विचारा, "ती गाठ कुणाची?"

काम झालं की नाही हे कसं ओळखायचं? दोन-चार दिवसांनी दहा ओळींचा एक नवा मजकूर द्या, तोही अर्धवट, आणि लिहायला लावा : एक अंदाज, त्याचा आधार, एक प्रश्न. वाचताना अंदाजाकडे जवळजवळ दुर्लक्ष करा, "कशावरून" वाचा. काही वह्यांत तिथे "मला वाटतं म्हणून" असेल. काहींत स्वतःच्या घरचा अनुभव असेल : "माझ्या काकांची सायकल अशीच गेली." हे टाकाऊ नाही, वाचणारा आपलं आयुष्य घेऊनच वाचतो. पण त्याला गोष्टीतल्या एखाद्या ओळीला बांधायला सांगा. काहींनी एक ओळ उचललेली असेल, आणि मोजक्या मुलांनी लांब अंतरावरच्या दोन ओळी एकमेकींना जोडलेल्या असतील. तुमच्या वर्गाला अनुभवाकडून एका ओळीकडे आणि एका ओळीकडून दोन ओळींकडे न्यायचं आहे. तुम्ही लिहिलंत की मुलं ओळी उचलून उत्तरं लिहितात. इथेही ती ओळ उचलतातच, फक्त आता ती ओळ कशासाठी उचलली हे त्यांना सांगावं लागतं.

दोन तासिकांत एवढं सुरू होतं, मुरत नाही. या विषयातलं बहुधा सर्वांत जास्त चर्चिलं गेलेलं काम अ‍ॅनमेरी पॅलिंकसार आणि अ‍ॅन ब्राउन यांचं, १९८४ सालचं. त्यांनी घेतलेली मुलंही सातवीचीच होती, आणि तीही तुमच्या मुलांसारखी : वाचता बऱ्यापैकी यायचं, पण वाचलेलं कळायचं नाही. त्यांनी अंदाज आणि प्रश्न यांच्या जोडीला न कळलेल्या जागेचा उलगडा आणि सारांश अशा चार गोष्टी घेतल्या, छोट्या गटांत, रोज, वीसेक दिवस, आणि हळूहळू शिक्षकाचं काम मुलांकडे दिलं. ३८ मुलांच्या वर्गात तसंच करता येणार नाही. आठवड्याला एक तासिका आणि महिनाभर चार वेगळ्या गोष्टी, एवढं जमतं. तिसऱ्या गोष्टीपासून "कशावरून?" विचारायचं काम जोडीदाराला द्या आणि तुम्ही फक्त फिरा. महिन्यानंतर रकाने बंद करा. मुलं ते वर्षभर भरत बसली की नमुन्यातली वाक्यं तयार होतात आणि विचार थांबतो.

माहितीपर धड्यांना ही पद्धत जशीच्या तशी लावू नका. तिथे "पुढे काय घडेल" याला अर्थ नसतो, "या मथळ्याखाली लेखक काय सांगेल" असं विचारावं लागतं, आणि मुलाला विषयाची थोडी माहिती नसेल तर तेही जमत नाही. कवितेला तर मी अंदाज लावतच नाही.

शेवटी, जी मुलं अजून अडखळत, अक्षर-अक्षर लावून वाचतात त्यांच्याविषयी. अशी मुलं सातवीतही असतात. त्यांच्या हातात चिठ्ठी दिली की सगळी शक्ती शब्द उलगडण्यात जाते आणि अंदाजाला काही उरत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा आधी तुम्ही मोठ्याने वाचा, मग चिठ्ठी द्या, आणि अंदाज तोंडी सांगितला तरी चालेल असं ठेवा. जोडीदार लिहील, पण पुराव्याची ओळ चिठ्ठीवर बोटाने त्यानेच दाखवायची. ऐकून विचार करणं त्यांना जमतं, अनेकदा वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त. वाचनाचा सराव त्यांना वेगळा, रोज थोडा, द्यावाच लागेल. या धड्याने ते काम होत नाही.